विमा विकणारा माणूस कुणाचा?

मामांचं स्टेंट हैदराबादला बसलं. भालकीच्या माणसाला मोठं दुखणं आलं की वाटा तीनच: बिदर, लातूर नाहीतर हैदराबाद. मामांनी हैदराबाद धरलं, कारण त्यांच्याकडे पाच लाखांचा आरोग्य विमा होता आणि दवाखान्याचं नाव कंपनीच्या कॅशलेस यादीत होतं. ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी विम्याच्या काउंटरवरून कळलं की क्लेम नामंजूर झाला आहे. दवाखान्याच्या कागदांवर डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं, 'सहा वर्षांपासून रक्तदाबाच्या गोळ्या'. विम्याच्या प्रस्तावात त्याच प्रश्नापुढे 'नाही' होतं.

"मी कुठं नाही म्हणलो? मला कुणी विचारलंच नाही," एवढंच मामा म्हणत राहिले. ते खरंच बोलत होते. भालकी बसस्थानकाजवळ एक झेरॉक्सचं दुकान आहे. पहाणी-खाते उतारे, बसचं आरक्षण, गाडीचा विमा असं सगळं तिथे होतं. तिथल्या पोरानं मोबाइलवर फॉर्म भरला, मामांनी गाडीवर बसल्याबसल्या ओटीपी सांगितला, गुगल पेवरून पैसे गेले. आठ मिनिटांचं काम. कायद्याच्या नजरेत मात्र तो ओटीपी म्हणजे मामांची सही होती आणि त्या सहीच्या वर बारा प्रश्नांची उत्तरं होती.

दवाखान्याचं बिल आम्ही भावाभावांनी मिळून भरलं. मग मी मामांची पॉलिसी पहिल्यांदा उघडून वाचली. पहिल्याच पानावर कंपनीच्या नावाखाली एक ओळ होती: मध्यस्थाचं नाव. तिथे उत्तरेतल्या एका शहरातली ब्रोकर कंपनी होती, तिचा परवाना क्रमांक होता आणि त्याखाली झेरॉक्सवाल्या पोराचा पॅन क्रमांक होता. जवळपास तीन वर्षं मामांच्या नावे एक ब्रोकर होता, आणि मामांना त्याचा पत्ताच नव्हता. मामा त्या पोराला 'एजंट' म्हणत होते. पोरगा स्वतःला 'ऑनलाइन काम करतो' असं सांगत होता. हा लेख त्या एका ओळीपासून सुरू झाला.

आपल्याकडे विमा म्हणजे एलआयसी. खाजगी कंपनीची पॉलिसी असली तरी माणूस 'माझी एक एलआयसी आहे' असंच म्हणतो. त्यामागे इतिहास आहे. १ सप्टेंबर १९५६ रोजी देशातल्या दोनशे पंचेचाळीस विमा संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ सुरू झालं. त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, १ नोव्हेंबरला, निजामाच्या जुन्या हैदराबाद राज्यातला बिदर जिल्हा तुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले आणि भालकी म्हैसूर राज्यात. दप्तराची भाषा बदलली, कचेऱ्या बदलल्या, पण विमा विकणारा माणूस सीमेच्या दोन्ही बाजूंना तोच राहिला. स्कूटरवर येणारा, चहा घेणारा, आपल्याच भाषेत बोलणारा.

तसे एक सर आमच्या घरी येत. त्यांना गावात सगळे सरच म्हणतात, कारण नोकरी शिक्षकाची होती आणि एजन्सी बायकोच्या नावावर. आता निवृत्त आहेत. त्यांच्याकडे अजून ती लांबट वही आहे, ज्यात कुणाचा हप्ता कोणत्या महिन्यात हे पेनानं लिहिलेलं असतं. मी त्यांना विचारलं, "सर, एका पॉलिसीवर तुम्हाला किती मिळायचं?" त्यांनी लपवलं नाही. वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड करून दाखवली.

समजा सोळा वर्षांची बचतीची पॉलिसी, वर्षाला चोवीस हजार हप्ता. जुन्या दरानं पहिल्या वर्षी पंचवीस टक्के, म्हणजे सहा हजार. त्यावर बोनस कमिशन म्हणून त्या सहा हजारांचे चाळीस टक्के, म्हणजे आणखी चोवीसशे. पहिल्याच वर्षी आठ हजार चारशे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात टक्क्यांनी अठराशे-अठराशे. चौथ्यापासून सोळाव्यापर्यंत पाच टक्क्यांनी दरवर्षी बाराशे, तेरा वर्षं. सगळं मिळून सत्तावीस हजार सहाशे. ग्राहकानं भरलेले एकूण पैसे तीन लाख चौऱ्याऐंशी हजार. म्हणजे शंभरातले जवळजवळ सव्वासात रुपये.

एकूण बघितलं तर हा आकडा डोळे दिपवणारा नाही. सोळा वर्षं घरी येणं, हप्त्याची आठवण करणं, वारसाचं नाव बदलायला फॉर्म आणणं, आणि घरात मयत झाली तर दहाव्याच्या आत दाखला मागून क्लेमचे कागद भरणं, हे सगळं त्यात आलं. सरांनी ते केलं, मी पाहिलं आहे. पण पैसे कधी मिळतात ते बघा. सत्तावीस हजारांतले आठ हजार चारशे पहिल्याच वर्षी. दुसऱ्या वर्षी ग्राहकानं हप्ता सोडला तरी ते एजंटाकडेच राहायचे. ग्राहकाच्या हाती मात्र काहीच यायचं नाही, कारण दोन-तीन वर्षांचे हप्ते पूर्ण झाल्याशिवाय जुन्या पॉलिसीला सरेंडरची किंमतच नसे. भालकी तालुक्यात किती घरांत असे एक-एक हप्ता भरून सोडलेले बॉण्ड ट्रंकेत पडून असतील! सोयाबीनचा भाव पडला की सगळ्यात आधी हाच हप्ता तुटतो.

१ ऑक्टोबर २०२४ पासून विक्रीला आलेल्या पॉलिस्यांना एक वर्षाचा हप्ता भरला की काही सरेंडर किंमत द्यावी लागते. कंपनीला आता लवकर सोडणाऱ्याला पैसे परत करावे लागतात, म्हणून कंपन्यांनी कमिशनही हलवलं: पहिल्या वर्षाचं खाली आणलं आणि पुढच्या वर्षांचं वाढवलं. माझ्या मते एजंटाच्या धंद्यात गेल्या कित्येक वर्षांत झालेला हा सगळ्यात चांगला बदल आहे. पॉलिसी चालू राहिली तरच आपली कमाई, असं एकदा झालं की एजंट सोयाबीन विकल्यावर येणारा हप्ता सुचवतो, पेरणीच्या तोंडावरचा नाही.

सरांना मी दुसरा प्रश्न विचारला. "आम्हाला कधी टर्म इन्शुरन्स का नाही सांगितला?" सर थोडा वेळ गप्प बसले. टर्म म्हणजे निव्वळ जोखमीचा विमा, माणूस गेला तर पैसे, नाहीतर काही परत नाही. तिशीतल्या निरोगी माणसाला वर्षाला समजा नऊ हजारांत मोठी रक्कम मिळते. जुन्या नियमात टर्मवर पहिल्या वर्षी चाळीस टक्क्यांपर्यंत कमिशनची मुभा होती, म्हणजे टक्केवारी बचतीच्या पॉलिसीपेक्षा जास्तच. पण नऊ हजारांचे चाळीस टक्के छत्तीसशे होतात आणि चोवीस हजारांचे पस्तीस टक्के आठ हजार चारशे. "लोकांनाही पैसे परत पाहिजेत असतात बघा," सर म्हणाले. तेही खरं आहे. पण घरातला एकटा कमावता माणूस गेला तेव्हा तीन-चार लाखांचा बॉण्ड हाती येतो आणि त्यात पोरीचं लग्नही निघत नाही, हे सरांनी माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे.

एजंटाची बाजू कायद्यात स्पष्ट आहे. एजंट हा कंपनीचा माणूस. दहावी पास, प्रशिक्षण, परीक्षा, आणि एक जीवन विमा कंपनी, एक सर्वसाधारण विमा कंपनी, एक आरोग्य विमा कंपनी, एवढ्यांचंच काम. दुसऱ्या कंपनीची पॉलिसी चांगली आहे असं तो सांगू शकत नाही, आणि सांगितलं नाही म्हणून त्याला दोषही देता येत नाही. मात्र कमिशन किती हे ग्राहकानं विचारलं तर ते सांगणं त्याच्या आचारसंहितेत आहे. आमच्या तीन पिढ्यांत कुणी विचारलं नव्हतं.

उलट गावात वेगळंच चालतं. "पहिला हप्ता मी बघतो, तुम्ही दुसऱ्यापासून भरा," असं एजंट म्हणतो आणि लोकांना तो उपकार वाटतो. विमा कायदा १९३८ चं कलम ४१ याला बंदी घालतं. कमिशनचा वाटा देणाराही दोषी आणि घेणाराही, दंड दहा लाखांपर्यंत. दंड झाल्याचं मी गावात ऐकलेलं नाही. पण पहिला हप्ता खिशातून भरणाऱ्या एजंटाला त्या वर्षी फारसं काही उरत नाही, मग तो पुढे तुमच्या घराकडे कशाला फिरकेल? फुकटचा पहिला हप्ता घेणाऱ्यानं पंधरा वर्षांची सेवाच सवलतीत विकलेली असते.

आता ब्रोकर. आपल्या देशात विमा ब्रोकरचे नियम २००२ मध्ये आले. त्याआधी किरकोळ ग्राहकाला हा शब्दच माहीत नव्हता. ब्रोकर कायद्यानं ग्राहकाचा प्रतिनिधी असतो, कंपनीचा नव्हे. अनेक कंपन्यांच्या पॉलिस्या बघून तुमच्या गरजेप्रमाणे सुचवणं, प्रस्तावात खरी माहिती भरून घेणं आणि क्लेमच्या वेळी मदत करणं हे त्याचं काम. थेट ब्रोकरला किमान पंच्याहत्तर लाखांचं भांडवल लागतं, आणि त्याच्या चुकीनं ग्राहकाचं नुकसान झालं तर भरपाईसाठी त्याला स्वतःचाही विमा काढावा लागतो. एवढं सगळं तुमच्या बाजूचं, पण पगार मात्र कंपनीकडून. तुम्ही भरलेल्या हप्त्यातूनच कंपनी त्याला कमिशन देते. वकील आपला आणि फी समोरच्या पक्षाकडून, असा हा मामला आहे, आणि जगात बहुतेक ठिकाणी तो असाच चालतो. इंग्लंडमध्ये मात्र २०१३ पासून गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याला कंपनीकडून कमिशन घ्यायला बंदी झाली. तिथे सल्ल्याची फी ग्राहकच देतो. निव्वळ विम्याला तिथेही ही बंदी लागू नाही.

भालकीत ब्रोकरची पाटी दिसत नाही. ब्रोकर आला तो झेरॉक्सच्या दुकानातून. २०१५ मध्ये विमा नियामकानं 'पॉइंट ऑफ सेल्स पर्सन' नावाचा एक विक्रेता तयार केला, धंद्यात त्याला 'पीओएसपी' म्हणतात. दहावी पास, पंधरा तासांचं प्रशिक्षण, एक छोटी परीक्षा. तो थेट कंपनीसाठी काम करू शकतो किंवा ब्रोकरसाठी. मोठमोठ्या ऑनलाइन ब्रोकरांनी गावोगावच्या सायबरवाल्यांना, गाडीच्या शोरूमवाल्यांना, आरटीओबाहेरच्या माणसांना असं जोडून घेतलं. पॉलिसीवर त्याचा आधार किंवा पॅन क्रमांक छापलाच पाहिजे, म्हणजे विकलं कुणी हे शोधता यावं. मामांच्या पॉलिसीवरची ती ओळ म्हणजे हीच.

मी त्या पोराला भेटलो. त्याच्यावर मला राग होता, तो भेटल्यावर निवळला. बी.कॉम. झालेला, बाप ऊसतोडीला जाऊन आलेला, दुकानाचं भाडं विम्यावर निघतं. त्यानं मला ॲप दाखवलं. एका गिऱ्हाइकाची मोटारसायकल होती, केए ३९ म्हणजे आमच्याच भालकी आरटीओची. नंबर टाकला की सात-आठ कंपन्यांचे हप्ते खाली-वर येतात. ग्राहकाला दिसतो तो पडदा एवढाच. पण पोराच्या पडद्यावर प्रत्येक कंपनीपुढे आणखी एक आकडा होता: त्याला मिळणारा वाटा. एका कंपनीचा दुसरीच्या जवळजवळ दुप्पट. "मग तू कुठली दाखवतोस?" तो म्हणाला, "सर, हप्त्यात पन्नास रुपयांचाच फरक असला तर जास्तवालीच दाखवणार ना."

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. १ एप्रिल २०२३ पर्यंत प्रत्येक प्रकारच्या विम्यावर कमिशनला वेगळी कमाल मर्यादा होती. आरोग्य विम्याला साधारण पंधरा टक्के, वाहनाच्या थर्ड पार्टीला अडीच टक्के. त्या तारखेपासून या वेगवेगळ्या मर्यादा गेल्या. आता कंपनीनं आपला एकूण व्यवस्थापन खर्च ठरलेल्या टक्क्यांत ठेवायचा, सर्वसाधारण विमा कंपनीनं एकूण हप्त्यांच्या तीस टक्क्यांत, निव्वळ आरोग्य विमा कंपनीनं पस्तीस टक्क्यांत. त्यात कुणाला किती द्यायचं ते कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं. म्हणून पोराच्या पडद्यावर कंपनीगणिक आकडा वेगळा असतो आणि तो महिन्यामहिन्याला बदलतो.

दुचाकीत फसगत कशी होते तेही त्याच पडद्यावर दिसलं. पंच्याहत्तर ते दीडशे सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता सरकारनं २०२२ मध्ये ७१४ रुपये ठरवला. तो कुठेही घ्या, तेवढाच. म्हणजे एखादी पॉलिसी स्वस्त दिसते ती बाकीच्या भागात काहीतरी कापल्यामुळे. पहिली जागा आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली तर मिळणारी कमाल रक्कम. साठ हजारांच्या गाडीची आयडीव्ही पंचेचाळीस हजार केली की हप्ता खाली येतो. दुसरी जागा नो क्लेम बोनस. मागच्या वर्षी क्लेम घेतलेला असूनही 'घेतला नाही' असं टाकलं की वीस टक्के सूट मिळते, आणि अपघात झाल्यावर कंपनी जुनी नोंद काढते तेव्हा क्लेम अडकतो. तिसरी जागा मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा, तो काढून टाकला की तीन-चारशे रुपये वाचतात. हे तीन आकडे सारखे करून मगच दोन हप्ते शेजारी ठेवायचे. पोरानं मला ते करून दाखवलं आणि सगळ्यात स्वस्त दिसणारी कंपनी चौथ्या नंबरवर गेली.

तुलना करणाऱ्या संकेतस्थळांबद्दल लोकांचा समज असा की मधला माणूस गेला, म्हणजे कमिशन वाचलं. तसं नसतं. ती संकेतस्थळंही परवानाधारक मध्यस्थ असतात आणि कंपनीकडून कमिशनच घेतात. सुरुवातीला त्यांच्यासाठी 'वेब ॲग्रिगेटर' असा वेगळा परवाना होता. त्याच्या २०१७ च्या नियमांत संकेतस्थळावर पॉलिस्यांना गुण देणं, क्रमवारी लावणं, 'सर्वाधिक खपाची' असं लिहिणं याला मनाई होती, कारण तुलना करणाऱ्यानं शिफारस करू नये. पुढे मोठी संकेतस्थळं ब्रोकर झाली. सगळ्यांत मोठं, २००८ मध्ये सुरू झालेलं पॉलिसीबझार, २०२१ मध्ये ब्रोकर झालं. ब्रोकरनं सल्ला देणं अपेक्षितच आहे. म्हणून पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत 'डायरेक्ट ब्रोकर' किंवा 'कंपोझिट ब्रोकर' लिहिलं असेल, तर फोनवर हिंदीत बोलणारा मुलगा कायद्यानं तुमचा प्रतिनिधी आहे, हे लक्षात ठेवून बोलावं. तुलना त्यांचे करार असलेल्या कंपन्यांपुरतीच असते, हेही.

संकेतस्थळाचा एक फायदा मात्र खरा आहे: फॉर्म तुम्ही स्वतः भरता. रक्तदाबाचा प्रश्न तुमच्या डोळ्यांसमोर येतो. एक तोटाही आहे, जो आमच्यासारख्या सीमेवरच्या गावांना जास्त लागतो. पत्त्यात भालकीचा पिन कोड ५८५३२८ टाकला की पुष्कळ पॉलिस्यांत हप्ता स्वस्त येतो, कारण गाव खालच्या झोनमध्ये पडतं. पण उपचार हैदराबादला, वरच्या झोनमध्ये घेतले तर अशा काही पॉलिस्यांत बिलाचा दहा-वीस टक्के भाग स्वतः भरावा लागतो. संकेतस्थळाच्या कचेरीत बसलेल्या कुणालाही माहीत नसतं की भालकीचा माणूस दुखणं घेऊन हैदराबादला जातो. सरांना ते माहीत असतं.

मामांच्या प्रकरणात आता पैशांचा हिशेब लावून बघू. हप्ता तीस हजार, त्या वेळचा अठरा टक्के जीएसटी धरून पस्तीस हजार चारशे. (२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि जीवन विम्यावरचा हा कर गेला.) जुन्या पंधरा टक्क्यांनीच मोजलं तरी दरवर्षी साडेचार हजार मध्यस्थाकडे जातात, त्यातला काही वाटा पोराला. तीन वर्षांचे साडेतेरा हजार. त्यात क्लेमच्या वेळी उभं राहण्याचं काम धरलेलं आहे. मी ब्रोकर कंपनीला लिहिलं की तुम्ही आमचे प्रतिनिधी आहात, प्रस्ताव कसा भरला गेला त्याची नोंद द्या आणि कंपनीपुढे आमची बाजू मांडा. त्यांनी प्रस्तावाची प्रत पाठवली, सोबत ओटीपी दिल्याची वेळ. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडून तेच उत्तर आलं. पॉलिसीला साठ महिने पूर्ण झाले असते तर सिद्ध झालेल्या फसवणुकीशिवाय कंपनीला हा मुद्दा काढताच आला नसता. मामांचे छत्तीसही झाले नव्हते.

पुढची पायरी विमा लोकपालाची होती. आमच्यासाठी तो बेंगळुरूला. कंपनीनं नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर वर्षाच्या आत जाता येतं. फी नाही, वकील नाही, पन्नास लाखांपर्यंतची तक्रार चालते, आणि २०२१ पासून ब्रोकरविरुद्धही जाता येतं. पण मामांनीच थांबवलं. "गोळ्या मी खातच होतो की रे," म्हणाले.

मध्यंतरी मामांनी दुसरी पॉलिसी काढली. रक्तदाब आणि स्टेंट दोन्ही लिहून. हप्ता वाढून आला, आणि हृदयाच्या आजाराला तीन वर्षांची वाट आहे, त्याहून जास्त वाट नियमानं लावता येत नाही. पॉलिसी त्याच पोराकडून काढली. मी नको म्हणत होतो. मामा म्हणाले, गावातला आहे, दिसतो तरी.

दुकानात मी सोबत होतो. मामांनी चष्मा लावला, मोबाइल हातात घेतला आणि एकेक प्रश्न मोठ्यानं वाचायला लावला. पोरगा इंग्रजी वाचायचा, मग मराठीत सांगायचा. सगळ्या उत्तरांना अर्धा तास लागला. माहितीपत्रक मराठीत मागितलं, ते स्थानिक भाषेत मागायचा हक्क आहे. ओटीपी आला. मामांनी तो वाचला, पण सांगितला नाही.

"तुला यात किती मिळणार?"

पोरानं एकदा माझ्याकडे बघितलं. मग मोबाइल फिरवून मामांपुढे धरला. मामांनी आकडा वाचला, मान हलवली, आणि मग एकेक अंक करत ओटीपी सांगितला.